चुनखडी फेसावर मोजता येत नाही, आणि पाच लिटर आम्लाने संपतही नाही

“ऊस पिवळा पडतोय? चमचाभर माती घ्या, वर लिंबू पिळा. फेस आला की चुनखडी १० टक्क्यांच्या वर समजा, लॅबवाल्यांना पैसे देऊ नका. चुनखडी लोह खाऊन टाकते म्हणून केवडा येतो. एकरी ५ लिटर सल्फ्युरिक ॲसिड ड्रिपमधून सोडा, चुनखडी विरघळून जाईल. सोबत ५० किलो फेरस सल्फेट मातीत टाका. ८ दिवसांत हिरवेगार. प्रत्येक शेतकरी ग्रुपला पाठवा.”

हा मजकूर गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे किमान सहा वेळा आला आणि सहाही वेळा मी तो वाचून सोडून दिला. सातव्यांदा तो दाजींकडून आला, आणि त्यासोबत पाच लिटरच्या कॅनचा फोटोही होता. दाजी माती परीक्षण करून घेणाऱ्यांपैकी आहेत, त्यांचा मेहुणा आयुष्यभर माती प्रयोगशाळेत ब्युरेट धरून बसला आहे, आणि तरीही त्यांनी कॅन आधी आणला व फोन नंतर केला. त्यामुळे आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

आम्लापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे असले तरी हा मुद्दा माणसाला भाजणारा आहे. एक एकर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर साधारण नऊ लाख किलो भरतो. दाजींच्या खोडव्याच्या मातीत चुनखडी १२ टक्के आहे, म्हणजे त्या एका थरात सुमारे एक लाख आठ हजार किलो चुनखडी आहे. शंभर किलो कॅल्शियम कार्बोनेट संपवायला अठ्ठ्याण्णव किलो शुद्ध सल्फ्युरिक ॲसिड लागते. पाच लिटर तीव्र आम्लाचे वजन नऊ किलोच्या थोडे वर जाते आणि ते चुनखडीही तेवढीच, सव्वानऊ किलोच्या आसपास, संपवते. एक लाख आठ हजारांतून सव्वानऊ किलो वजा केल्यावर १२ टक्क्यांची चुनखडी ११.९९९ टक्के होते. हा फरक माझ्या ब्युरेटला दिसत नाही, मग उसाला कसा दिसावा? ती पूर्ण विरघळवायची म्हटली तर एकरी शंभर टनांहून अधिक आम्ल लागेल, आणि त्यातून जी काही जमीन उरेल तिच्यात ऊस लावायला कोणी धजावणार नाही.

एवढ्यावरही हे थांबत नाही. सल्फ्युरिक ॲसिड चुनखडीवर पडले की तिथे जिप्सम तयार होते आणि त्याचा पातळ थर चुनखडीच्या कणावर बसतो, त्यामुळे आतला कण आम्लापासून वाचतो. ज्या चिमूटभर जागेचा सामू उतरतो, तिथे आजूबाजूची चुनखडी तो लवकरच पूर्ववत करते. तीव्र आम्लात पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. आम्ल नेहमी पाण्यात, थोडे थोडे ओतायचे असते, आणि हे एक वाक्यही त्या संदेशात नाही. अर्धे सत्य एवढेच, की आम्ल ड्रिपमधून सोडतात हे खरे आहे. ते ड्रीपरमध्ये साचलेले क्षार काढण्यासाठी किंवा पाण्यातील बायकार्बोनेट कमी करण्यासाठी, पाण्याचा सामू तपासत, मोजून सोडतात. तो उपचार नळीचा आणि पाण्याचा आहे, जमिनीचा नव्हे.

आता लिंबाकडे वळू. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मातीत कार्बोनेट असल्याची ती खूण आहे, हे मी मान्य करतो. शेतात उभ्या उभ्या मातीची ओळख करून घेताना आम्हीही सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकून पाहतो. मात्र त्याआधी कोरड्या ढेकळावर साधे पाणी टाकून पाहावे. कोरड्या काळ्या मातीतली हवा बाहेर पडताना तेव्हाही बुडबुडे येतात, आणि लिंबू पिळणारा माणूस त्यांनाच चुनखडी समजतो. शिवाय फेसाचा जोर टक्केवारीपेक्षा कणांच्या बारीकपणावर जास्त ठरतो. चार टक्के पिठासारखी चुनखडी सळसळून उठते, आणि पंधरा टक्के खड्यांच्या रूपात असेल तर ती शांतपणे बुडबुडत राहते. त्यामुळे फेसावरून दहाचा आकडा काढणे म्हणजे उकळीच्या आवाजावरून पातेल्यातले दूध किती लिटर आहे ते सांगण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेत आम्ही फेस मोजत नाही, आम्ल किती उरले ते मोजतो. चाळलेली पाच ग्रॅम माती घेऊन तीत १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड बरोबर १०० मिलिलिटर घालतो आणि तासभर अधूनमधून ढवळतो. माती तळाशी बसली की वरचे २० मिलिलिटर निवळ द्रावण काढतो. पाच ग्रॅमचा पाचवा भाग म्हणून हे द्रावण एक ग्रॅम मातीच्या वाट्याचे होते. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे काही थेंब टाकून १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जातो, आणि पिवळा रंग जाऊन निळसर झाक टिकली की थांबतो. माती न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीला २० मिलिलिटर लागले. दाजींच्या पिवळ्या पट्ट्यातल्या मातीला १७.६ लागले, म्हणजे २.४ मिलिलिटर आम्ल मातीने खाल्ले. एक मिलिलिटर म्हणजे ०.०५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून एक ग्रॅम मातीत ०.१२ ग्रॅम, अर्थात १२ टक्के.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. चिकणमाती आणि इतर खनिजेही थोडे आम्ल खातात, म्हणून आकडा खऱ्या चुनखडीपेक्षा किंचित चढा येतो. उलट माती नीट कुटली नाही किंवा तास भरायच्या आत द्रावण काढले, तर आम्ल जाड कणांच्या आत पोहोचत नाही आणि आकडा उतरतो. काढतानाही भांड्यात बुडबुडे उठत असतील तर ते द्रावण घेऊ नये. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले चुनखडीचे खडे तर मोजणीत येतच नाहीत. शेतकरी नेमके तेच खडे हातात घेऊन घाबरतो, पण ते मुळाला फारसा त्रास देत नाहीत.

याच ठिकाणी “चुनखडी जास्त म्हणून केवडा” हे सरळ गणित मोडते. त्याच शेताच्या वरच्या अंगाला ऊस हिरवागार होता, म्हणून मी तिथलीही माती मागवली. तिला १७.२ मिलिलिटर लागले, म्हणजे चुनखडी १४ टक्के. जास्त चुनखडीवर हिरवा ऊस आणि कमी चुनखडीवर पिवळा, हे ऐकून दाजी फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ही गोष्ट नवी नाही. फायलोक्झेरा किडीनंतर फ्रान्समध्ये द्राक्षे अमेरिकन खुंटांवर कलम करावी लागली आणि चुनखडीच्या जमिनींत त्यांची पाने पिवळी पडली, तेव्हा एकूण चुनखडीच्या आकड्यावरून कोणता खुंट टिकेल हे सांगता येईना. द्रुइनो यांनी १९४२ साली अमोनियम ऑक्झलेटच्या द्रावणाने फक्त बारीक, चटकन प्रतिक्रिया देणारी चुनखडी मोजण्याची पद्धत दिली. तिला ‘सक्रिय चुना’ म्हणतात, आणि खुंटांची सहनशक्ती आजही त्याच मापात सांगितली जाते: रिपारिया ग्लोआर सहा टक्के सक्रिय चुन्याच्या आसपास थकतो, तर ४१ बी चाळीस टक्क्यांपर्यंत तग धरतो. पिवळेपणा एकूण साठ्यावर ठरत नाही. बारीक चुनखडी किती आणि मूळ कोणत्या वाणाचे, यावर तो ठरतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. दाजींचा पिवळा पट्टा सखल आहे, आणि पाऊस झाला की तिथे चार दिवस पाणी थांबते. मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड चिंब मातीतून बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात विरघळून चुनखडीवर काम करतो आणि बायकार्बोनेट वाढते. बायकार्बोनेट मुळालगतचा सामू आठच्या आसपास धरून ठेवते, आणि सामू एक अंकाने वाढला की द्रावणातले फेरिक लोह हजारपटीने घटते. चुनखडी लोह खात नाही. ती त्याला विरघळू देत नाही. बसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत लोहाची कमतरता मुळात नसतेच. डीटीपीए द्रावणाने काढलेले, पिकाला उपलब्ध लोह मात्र दोन्ही नमुन्यांत ४.५ पीपीएमच्या, म्हणजे कमतरतेच्या मर्यादेच्या, खाली होते, आणि तरीही एकच पट्टा पिवळा होता, कारण वाळवून चाळलेली माती शेतातला चिखल सांगत नाही.

त्यामुळे ५० किलो फेरस सल्फेट मातीत थेट टाकण्याबद्दल फार लिहीत नाही. हिरवे खडे चुनखडीच्या ओल्या मातीत लवकरच तांबूस होतात, आणि तेच लोह मातीतल्या जुन्या लोहाच्या रांगेत जाऊन बसते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत दिले तर काही भाग टिकतो, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. जमिनीतूनच द्यायचे असेल तर चिलेट, म्हणजे लोहाला पकडून विरघळलेले ठेवणारे संयुग, घ्यावे, पण पाकिटावरचे नाव वाचून: ईडीटीए चिलेट अशा सामूला लोह सोडून देते, ईडीडीएचए धरून ठेवते. ईडीडीएचएचे पाणी गडद लाल होते.

आठ दिवसांत हिरवेगार होण्याआधी तो केवडाच आहे का हे पाहावे. लोहाचा पिवळेपणा पोंग्यातल्या कोवळ्या पानांवर आधी येतो आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पट्ट्यापट्ट्यांनी फिका पडतो. नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. मी दाजींना दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम ताजे, हिरव्या रंगाचे फेरस सल्फेट आणि दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून फक्त पाच बेटांवर फवारायला सांगितले. पाचव्या दिवशी त्यांनी पानाचा फोटो पाठवला: जिथे थेंब बसले होते तिथे हिरवे ठिपके आणि आजूबाजूला तीच पिवळट पट्टी. मग त्यांनी संपूर्ण सखल पट्टा फवारला, पुढची फवारणी आठवड्याने ठरवली आणि बांधालगत पाणी निघण्यासाठी चर काढला. वरच्या चौदा टक्क्यांच्या उसाला त्यांनी काहीच केले नाही.

कॅन दुकानदार परत घ्यायला तयार नाही. तो गोठ्यापासून दूर, सावलीत, कुलपात ठेवला आहे, आणि उन्हाळ्यात ड्रिप धुताना मी स्वतः तिथे असेन तेव्हाच तो उघडायचा, असे ठरले आहे.