त्याचा पगार मध्ये न आणता

गेल्या जूनमधली गोष्ट. मासेमारी बंदीचे दोन महिने सुरू झालेले, बोटी शाकारून ठेवलेल्या, आमच्या मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात कोल्ड स्टोरेजमधला जुना मालच काय तो हलत होता. डबा खाताना पगाराचा विषय निघाला आणि माझ्यासोबत क्वालिटीला असलेला मुलगा सहज बोलून गेला, "ताई, माझे सव्वीस आहेत."

माझ्या खात्यात येतात 20,200. मी 2019 ची, तो 2022 चा. कोळंबीचा काऊंट आम्ही एकाच टेबलावर घेतो, रिसिव्हिंगच्या रजिस्टरवर सह्या दोघांच्या. त्या दिवशी चपाती घशाखाली उतरली नाही.

घरी आल्यावर आईचं पहिलं वाक्य, "जा नि विचार त्यांना, बायमाणूस म्हणून कमी देताय काय!" रागाच्या भरात मीही तेच करणार होते. पण रात्री पगारपत्रक काढून बसले आणि बरं झालं बसले. त्याने सांगितला तो कापायच्या आधीचा आकडा होता. माझे 20,200 हातात येणारे. माझं मूळ वेतन 15,000, त्याच्या 12 टक्के म्हणजे 1,800 पीएफला जातात. ते धरले तर माझे होतात 22,000. म्हणजे 5,800 चा फरक बसल्याबसल्या 4,000 वर आला. दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं. त्याच्या 26,000 मध्ये 1,500 पहाटेच्या जेट्टी ड्युटीचे होते. मिरकरवाड्याला साडेचारला मीही जाणार नाही, ते त्याचे त्याला लखलाभ. राहिले 2,500.

मग तीन महिन्यांचं ड्युटीचं वेळापत्रक पाहिलं. जेट्टी सोडली तर दोघांची कामं सारखी: माल उतरवून घेणं, बर्फ नि तापमान बघणं, ग्रेडिंग, गोठवलेल्या ब्लॉकची तपासणी. फरक एकच, तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा पदवीधर आणि मी साधी बीएस्सी. कायद्यात "समान स्वरूपाचं काम" ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी बघतात. पदवीची त्या कामाला खरंच गरज असेल तर ती मोजली जाणार, हे मलाही मान्य करावं लागलं. माझा सहा वर्षांचा अनुभवही मग मोजा, एवढंच.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडचा समान वेतनाचा कायदा, आधी 1976 चा आणि आता वेतन संहिता, लिंगभेदावर बोलतो. दोन पुरुषांच्या पगारात फरक असेल तर त्याचा तसा उपयोग नाही. माझ्या बाबतीत झाला असता. 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या महिला स्टेनोग्राफरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला परवडत नाही ही सबबही चालू दिली नव्हती. पण कायदा काढून दाखवला की समोरचा वकिलाला फोन करतो, पगाराचं बोलणं तिथेच संपतं. शिवाय आमचा फरक मुद्दाम केलेला होता असं मला आजही वाटत नाही. 2022 ला माणसं मिळत नव्हती, तो मागेल ते कबूल केलं. मी 2019 ला देतील ते घेतलं होतं. वर दरवर्षी वाढ टक्क्यांत. 22,000 वर 8 टक्के म्हणजे 1,760 आणि 24,500 वर 1,960. कोणी काही न करता 2,500 चे 2,700 होतात.

साहेबांकडे गेले ती जुलैत, कारखाना सुस्त असताना. त्याचं नाव नाही, त्याचा आकडा नाही. त्याने विश्वासाने सांगितलेलं. तीनच प्रश्न होते: माझं पद कोणत्या ग्रेडमध्ये आहे, त्या ग्रेडचा पगार कुठून कुठपर्यंत आहे, आणि मी त्यात जिथे आहे ती कशामुळे? साहेबांनी लगेच विचारलं, "तुला कोणी काही सांगितलं काय?" म्हटलं, "साहेब, मी माझंच विचारतेय. सहा वर्षांत मी कुठे पोचले ते मला कळू दे." ते थोडे सैल झाले. ग्रेड असं काही लिहून ठेवलेलंच नाही, हे त्यांच्याच तोंडून निघालं. त्याच संध्याकाळी मी आमचं बोलणं चार ओळींत मेल करून ठेवलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही. टक्क्यांऐवजी ठोक रक्कम वाढवून मागितली.

ऑगस्टच्या पगारात 1,500 वाढून आले. उरलेले 1,000 मत्स्यपदवीचे, असं तोंडी सांगितलं. ते पटण्यासारखं आहे, पण मग तसं पत्रात लिहा, म्हणजे उद्या येणाऱ्या मुलीलाही कळेल. पत्र अजून आलेलं नाही. दोनदा आठवण केली, नारळी पौर्णिमेनंतर माल यायला लागल्यापासून साहेब हाती लागत नाहीत.

त्या मुलाने परवा दबकत विचारलं, "ताई, माझं नाव नाही ना निघालं?" नाही निघालं.