डॉलर कुठे लावायचा, हे पाठ करून ठरत नाही

एक्सेलच्या चाचणीची तयारी करणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो: “एक्सेलच्या टेस्टला जाताना तीनच गोष्टी लक्षात ठेवा. फॉर्म्युल्यात दिसेल त्या प्रत्येक सेलला F4 मारून डॉलर लावा, म्हणजे खाली ओढताना काही चुकणार नाही. VLOOKUP च्या शेवटी नेहमी 0 लिहा. आणि आता XLOOKUP आलंय, त्यामुळे बाकीचं शिकत बसू नका.”

डॉलरचा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे, म्हणून आधी त्याचा विचार करू. चाचणीत नेहमी येणारा एक प्रश्न घ्या. C2 ते C5 या सेलमध्ये चार विक्री-प्रतिनिधींची विक्री आहे: ६२,०००, १८,०००, ३०,००० आणि १,४०,०००. शेजारी G2:H5 मध्ये कमिशनचे टप्पे आहेत. शून्यापासून ०%, २५,००० पासून २%, ५०,००० पासून ३% आणि एक लाखापासून ५%. D2 मध्ये फॉर्म्युला लिहून तो D5 पर्यंत भरायचा आहे. बरोबर उत्तरे क्रमाने ३%, ०%, २% आणि ५% अशी यायला हवीत. सल्ल्याप्रमाणे दिसेल तिथे F4 दाबले, तर फॉर्म्युला असा होतो:

```
=VLOOKUP($C$2,$G$2:$H$5,2,TRUE)
```

D2 मध्ये ३% येते आणि ते बरोबर असते. मात्र हा फॉर्म्युला खाली ओढला की चारही सेलमध्ये ३%च दिसते, कारण प्रत्येक ओळ पहिल्याच प्रतिनिधीची विक्री शोधत राहते. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, पत्रक नीटनेटके दिसते, आणि चारपैकी तीन उत्तरे चुकलेली असतात. उमेदवार पहिले उत्तर तपासतो, ते बरोबर असल्याची खात्री करून घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तपासणारा मात्र संपूर्ण कॉलम पाहतो.

आता उलट टोकाकडे जाऊ आणि एकही डॉलर न लावता तोच फॉर्म्युला भरू. D3 मध्ये शोधण्याचा तक्ता G3:H6 होतो, म्हणजे शून्याचा टप्पा तक्त्याबाहेर पडतो आणि १८,००० साठी #N/A येते. D4 मध्ये तो G4:H7 होतो. ३०,००० पेक्षा लहान टप्पाच त्यात उरत नाही, त्यामुळे पुन्हा #N/A. D5 मध्ये तो G5:H8 होतो, पण तिथे एक लाखाचा टप्पा अजून शिल्लक असल्यामुळे १,४०,००० साठी ५% हे बरोबर उत्तर येते. पहिले आणि शेवटचे उत्तर बरोबर, मधली दोन चुकलेली, असे चित्र दिसले की तक्ता खाली सरकला आहे असे समजावे. सल्ला देणाऱ्यांना बहुधा याच #N/A चा अनुभव आलेला असतो आणि त्यातूनच “सगळीकडे डॉलर” हा निष्कर्ष काढला जातो. दुखणे खरे आहे. पण #N/A निदान डोळ्यांना दिसते, आणि त्यावरचा हा उपाय चूक दिसेनाशी करतो.

या प्रश्नाचे उत्तर असे आहे:

```
=VLOOKUP(C2,$G$2:$H$5,2,TRUE)
```

इथे दोन संदर्भ आहेत आणि त्या दोघांनाही स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारायला हवा: फॉर्म्युला एक ओळ खाली गेला, तर यानेही खाली जायचे आहे का? विक्रीने जायचे आहे, म्हणून C2 मोकळा. टप्प्यांच्या तक्त्याने जागचे हलायचे नाही, म्हणून त्याला डॉलर. फक्त खालीच भरायचे असेल तर G$2:H$5 एवढेही पुरते, कारण ओळीचा क्रमांक तेवढा धरून ठेवायचा असतो.

फॉर्म्युला खाली आणि उजवीकडे, अशा दोन्ही दिशांना भरायचा असेल, तर हा फरक अधिक ठळक होतो. समजा, A2:A6 मध्ये पाच कर्मचाऱ्यांचे क्रमांक आहेत, B1:D1 मध्ये ‘नाव’, ‘विभाग’, ‘मूळ वेतन’ अशी शीर्षके आहेत, आणि मुख्य यादी H1:L40 मध्ये आहे. B2 मध्ये एकच फॉर्म्युला लिहून तो D6 पर्यंत न्यायचा आहे:

```
=VLOOKUP($A2,$H$1:$L$40,MATCH(B$1,$H$1:$L$1,0),0)
```

$A2 मध्ये कॉलम धरलेला आणि ओळ मोकळी आहे. उजवीकडे गेले तरी क्रमांक A मधूनच घ्यायचा, पण खाली गेले की पुढच्या कर्मचाऱ्याचा घ्यायचा. B$1 मध्ये याच्या बरोबर उलट आहे. शीर्षक पहिल्या ओळीतूनच घ्यायचे, पण कॉलम बदलला की पुढचे घ्यायचे. यादी मात्र दोन्ही बाजूंनी धरलेली आहे. इथे सगळीकडे पूर्ण डॉलर लावला, तर पंधराही सेलमध्ये पहिल्या कर्मचाऱ्याचे नाव येईल, विभागाच्या आणि वेतनाच्या रकान्यातसुद्धा. मिश्र संदर्भ हा अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यातला किरकोळ मुद्दा आहे असे मानून पुष्कळ जण तो सोडून देतात. माझ्या मते मात्र या विषयाची खरी परीक्षा इथेच होते, आणि F4 ची कळ एकदा दाबून थांबायची सवय लागली की मिश्र संदर्भ हाती लागतच नाही. ती कळ पहिल्यांदा दाबली की $A$2, दुसऱ्यांदा A$2, तिसऱ्यांदा $A2 आणि चौथ्यांदा पुन्हा A2 येते. काही लॅपटॉपवर तिच्यासोबत Fn ही कळही दाबावी लागते.

बहुपर्यायी प्रश्नांत तर F4 चा काहीच उपयोग नसतो, कारण तिथे फॉर्म्युला दिलेलाच असतो. उदाहरणार्थ, D2 मधला =$B2+C$1 हा फॉर्म्युला F4 या सेलमध्ये कॉपी केला तर काय होईल? D पासून F पर्यंत दोन कॉलम आणि २ पासून ४ पर्यंत दोन ओळी सरकल्या. पहिल्या संदर्भात कॉलम धरलेला आहे, फक्त ओळ बदलेल: $B4. दुसऱ्यात ओळ धरलेली आहे, फक्त कॉलम बदलेल: E$1. उत्तर =$B4+E$1. प्रश्नात ‘कॉपी’ असा शब्द आहे की ‘कट’, हेही नीट वाचावे. फॉर्म्युला Ctrl+X ने उचलून दुसरीकडे ठेवला, तर डॉलर असो वा नसो, त्यातले संदर्भ आहेत तसेच राहतात. डॉलर म्हणजे कुलूप नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. पहिल्या ओळीच्या वर नवी ओळ घातली, तर $F$1 चा आपोआप $F$2 होतो. डॉलरचा परिणाम होतो तो कॉपी करताना किंवा भरताना.

शेवटी 0 लिहिण्याचा सल्ला निम्मा बरोबर आहे. VLOOKUP मधला चौथा भाग लिहिलाच नाही, तर एक्सेल त्याचा अर्थ TRUE असा घेते, म्हणजे अंदाजे जुळणी करते. आणि कर्मचारी क्रमांक, वस्तूचा कोड किंवा खाते क्रमांक शोधताना अशी जुळणी घातक असते, कारण कोड यादीत नसला तरी भलत्याच ओळीतले उत्तर येऊ शकते. अशा ठिकाणी 0 किंवा FALSE हवेच. पण वरच्या कमिशनच्या प्रश्नात 0 लिहून पाहा. ६२,००० हा आकडा टप्प्यांच्या यादीत कुठेच नाही, त्यामुळे #N/A येते, आणि उरलेल्या तिन्ही विक्रींचे तसेच होते. कमिशन, कराचे टप्पे, गुणांवरून श्रेणी, वजनावरून टपालखर्च, असे प्रश्न आले की ‘याच्याइतका किंवा याच्याहून लहान असा सर्वांत मोठा टप्पा’ शोधायचा असतो, आणि ते काम TRUE चेच आहे.

TRUE ची एक अट असते: तक्त्याचा पहिला कॉलम चढत्या क्रमाने हवा. प्रश्न तयार करणारे कधी कधी हाच तक्ता मुद्दाम उतरत्या क्रमाने देतात, वर एक लाख आणि तळाशी शून्य. तिथे ६२,००० शोधले तर ३% ऐवजी ०% येते. एक्सेल यादीच्या मध्यावरचा आकडा पाहते, तो लहान असल्यामुळे उत्तर आणखी खाली असणार असे धरते, आणि अशा रीतीने तळाशी जाऊन पोहोचते. त्रुटीचा संदेश येत नाही. म्हणून TRUE लिहिण्याआधी तक्त्याचा क्रम पाहावा आणि गरज पडल्यास तो चढता लावून घ्यावा.

आणखी एक गोष्ट 0 वर विसंबणाऱ्यांना अडवते. कोड यादीत स्पष्ट दिसतो आहे, तरी #N/A येते. अशा वेळी बहुतेकदा एका बाजूला संख्या असते आणि दुसऱ्या बाजूला मजकूर म्हणून साठवलेले तेच अंक असतात, किंवा शब्दाच्या शेवटी एखादी रिकामी जागा राहिलेली असते. =ISNUMBER(A2) दोन्ही ठिकाणी लावून पाहिले की पहिली शंका फिटते, =LEN(A2) ने दुसरी. फॉर्म्युला पुन्हा पुन्हा बदलण्यात इथे वेळ घालवू नये, कारण चूक माहितीत असते.

XLOOKUP हे चांगले फंक्शन आहे, यात वाद नाही. ते काही न सांगता तंतोतंत जुळणी करते, डावीकडचा कॉलमही शोधून आणते, आणि कॉलमचा क्रमांक मोजायला लावत नाही. पण डॉलरचा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट वाढतो, कारण VLOOKUP मध्ये एकच तक्ता धरायचा असतो आणि इथे शोधण्याचा व उत्तराचा असे दोन पट्टे असतात. त्यांपैकी एकच धरला तर काय होते, ते आपल्याच उदाहरणात पाहू. शेवटचा -1 इथे विक्रीइतका किंवा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा टप्पा शोधायला सांगतो:

```
=XLOOKUP(C2,$G$2:$G$5,H2:H5,,-1)
```

D2 मध्ये ३% हे बरोबर उत्तर येते. D3 मध्ये उत्तरांचा पट्टा H3:H6 होतो. १८,००० ची जागा पहिली, म्हणून ०% ऐवजी २% मिळते. D4 मध्ये पट्टा H4:H7, ३०,००० ची जागा दुसरी, म्हणून २% ऐवजी ५%. D5 मध्ये पट्टा H5:H8, जागा चौथी, म्हणजे रिकामी H8, आणि सर्वांत जास्त विक्री करणाऱ्याच्या नावापुढे शून्य. दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखीच राहिल्यामुळे एक्सेल तक्रारही करत नाही. अशी चूक पकडायची तर भरलेल्या भागातल्या शेवटच्या सेलवर जाऊन F2 दाबावे. फॉर्म्युल्यातले संदर्भ रंगीत चौकटींनी पत्रकावर दिसतात आणि तक्त्याबाहेर घसरलेली चौकट लगेच लक्षात येते.

शिवाय चाचणीच्या संगणकावर XLOOKUP असेलच असे नाही. ते मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि एक्सेल २०२१ पासून पुढे आहे. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये ते लिहिले की #NAME? येते. लिबरऑफिसमध्ये ते २०२४ मधल्या २४.८ या आवृत्तीपासून आले. एखाद्या सेलमध्ये =XL एवढेच टाइप करून सुचवण्यांच्या यादीत ते दिसते का, हे काही सेकंदांत कळते. दिसले नाही आणि उत्तर डावीकडच्या कॉलममध्ये असेल, तर INDEX आणि MATCH ही जोडी जुन्या आवृत्त्यांतही चालते. त्यातही डॉलरचे दोन पट्टे आणि एक मोकळा संदर्भ असतोच:

```
=INDEX($A$2:$A$40,MATCH(F2,$C$2:$C$40,0))
```