थ्रिलर काढताय? आधी सगळ्यांचे आभार मानून घ्या!

परवा दादरला एका मराठी थ्रिलरचा पहिला शो बघितला. टायटल्स मी केली होती, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. पडद्यावर आलं ते बघून कळलं की माझा फक्त फाँट शिल्लक राहिलाय, बाकी सगळं निर्मात्याच्या घरचं. मी दिलेलं एक मिनिट साडेतीन मिनिटांचं झालं होतं, आणि मागच्या रांगेतल्या काकू नवऱ्याला विचारत होत्या, "अहो, आपण बरोबर स्क्रीनमध्ये बसलोय ना?"

तर ज्यांना असाच पराक्रम करायचाय त्यांच्यासाठी हे चार सल्ले. मोफत आहेत, तसंही आमच्या कामाचे पैसे कोण देतं.

सुरुवात ड्रोननेच करा. गोष्ट गिरगावच्या चाळीतली असली, तरी पहिला शॉट सी-लिंकचाच पाहिजे, नाहीतर सिनेमा मुंबईत घडतो हे मुंबईतल्या माणसाला कसं कळणार?

लोगो भरपूर ठेवा. प्रस्तुतकर्ता, निर्माता, सहनिर्माता, ज्याने फक्त जनरेटर दिला तो, प्रत्येकाचा आपापला लोगो आणि प्रत्येकाचा आपापला धडाम् आवाज. सेन्सॉरचं सर्टिफिकेट दहा सेकंद दाखवावं लागतंच, सिनेमात कोणी बिडी ओढणार असेल तर त्याआधी तीस सेकंदांची आरोग्याची फिल्म आणि वर वीस सेकंदांची ताकीद आलीच, त्याला इलाज नाही. म्हणजे तुमचं पहिलं नाव यायच्या आधीच प्रेक्षकाचा एक मिनिट सरकारने घेतलाय. उरलेला संयम तुम्ही घ्या, लाजू नका.

आता नावं. नावांची यादी लग्नपत्रिकेसारखी हवी, कोणी रुसायला नको. आमच्या सिनेमात चौतीस कार्डं झाली. प्रत्येक कार्ड चार सेकंद, वर एक सेकंद हळूच उमटायला आणि एक सेकंद हळूच विरायला, झाली दोनशे चार सेकंदं. हा फेड कोणी मोजत नाही हो! "जरा सॉफ्ट येऊ दे ना" म्हणतात आणि तिथेच चौतीस दुणे अडुसष्ट सेकंदं जादा हवेत जातात.

मी काय दिलं होतं ते सांगतो. रात्रीची चाळ, म्हातारा रखवालदार गॅलरीतून चालतोय आणि बंद खोल्यांची कुलुपं एकेक ओढून बघतोय. संगीत नाही, फक्त चपला आणि कुलपाची खडखड. तेरा कार्डं, प्रत्येक तीन सेकंद, मध्ये दीड-दीड सेकंद मोकळी, एकूण मिनिटभर. नावं फक्त तो चालत असताना, तो डावीकडे असेल तर नाव उजवीकडे. त्याने कुलपाला हात घातला की पडदा कोरा, कारण पडद्यावर अक्षर आलं की माणूस ते वाचतोच, डोळा आवरत नाही, आणि त्याच वेळी तुम्ही हात दाखवलात तर हात वाया गेला. कट झाला की लगेच नाव आणायचं नाही, सहा-आठ फ्रेम थांबायचं, आणि पुढच्या कटच्या आधी ते घालवायचं, नाहीतर मागचं चित्र बदलतं, नाव तिथेच लटकतं आणि डोळ्याला ठेच लागते. शेवटच्या दाराशी तो हात पुढे करतो आणि तिथे कुलूपच नाही. तिथे सिनेमाचं नाव. पुढच्या कटला दार ढकललं की गोष्ट सुरू, कारण ती आधीच सुरू झालेली होती.

यावर निर्माते साहेब म्हणाले, "कळकट दिसतंय. आमची नावं अशा भिंतींवर?"

म्हणून रखवालदार गेला, सी-लिंक आला, आणि खाली ढोल-ताशा. थ्रिलरला. मधल्या मध्ये तो उघड्या दाराचा शॉट टायटल्सनंतर एकटाच चिकटवला, आता तो म्हातारा कोण आणि दाराकडे का बघतोय हे कोणालाच कळत नाही.

अक्षरांचं तर विचारूच नका. इंग्रजी ट्रेलरमध्ये अक्षरं हळूहळू एकमेकांपासून लांब जातात तसं देवनागरीला करा, फार भारी दिसतं. शिरोरेषा तुटते, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, आणि सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीचा कंपोझर चालू नसेल तर दिग्दर्शकाच्या 'दि'ची वेलांटी 'द'च्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडतो. माणसाने दोन वर्षं घालवून सिनेमा काढला आणि स्वतःचं पद पडद्यावर मोडकं बघितलं. इफेक्ट पाहिजेच असेल तर अख्खा शब्द हलवा, मोठा करा, अंधारातून आणा, पण आतली अक्षरं फाकवू नका रे.

कोणी म्हणालंच की "लांब टायटल्स असतात की मोठ्या सिनेमांत", तर त्याला 'शोले' दाखवू नका, पंचाईत होईल. १९७५ चा सिनेमा, टायटल्स चांगली ऐसपैस. पण तिथे जेलर स्टेशनवर उतरतो, रामलाल त्याला न्यायला आलाय, आणि नावं पडतात ती दोघं घोड्यावरून रामगढला जाताना. नावं संपेपर्यंत आपण दगडधोंड्यांतून गावात पोचलेले असतो, किती आडबाजूचं गाव आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. १९९५ च्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपरने तर टायटल्समध्ये बोटाची कातडी ब्लेडने तासणारा हात दाखवलाय, तेव्हा नुसतं अंगावर येतं, तो असं का करतो ते पुढे कळतं. ही नावं गोष्टीचं काम करतात हो! तुमची सी-लिंकवर टोल भरत उभी आहेत!

बास, आता उपरोध राहू दे बाजूला, मला जमत नाहीये.

अरे, लांबी टायटल करणारा ठरवत नाही, तुम्ही ठरवता, आणि तीही करारात. प्रत्येकाला "सिंगल कार्ड देतो" असं चहाच्या टपरीवर बोलून बसता आणि मग माझ्याकडे येऊन म्हणता, टायटल्स जरा फास्ट करा. कशी करू? नाव तीन सेकंदांच्या आत दाखवलं तर त्याच्या आईला वाचता येणार नाही, आणि फोन मलाच येणार. करार करतानाच किती सिंगल कार्डं परवडतात ते मोजा, बाकीच्यांना एका कार्डावर दोन-तीन घ्या. आभार, स्थानिक नेते, केटरर, सगळे शेवटच्या रोलवर टाका, तिथे हवे तेवढे माना. आणि सुरुवातीची दोन मिनिटं सिनेमातलं काही माहीत नसलेल्या माणसाला आवाज बंद करून दाखवा, विचारा हा कसला सिनेमा आहे. तो "प्रवासाची जाहिरात" म्हणाला तर माझ्यावर ओरडू नका. फाडा ती यादी आणि परत बसा. चौतीस लोकांना खूश करायला तिकीट काढलेल्या माणसाला कशाला बसवून ठेवता? त्याचं नाव तर कुठल्याच कार्डावर नाहीये.