जमा झाला म्हणजे वटला नाही

आज बँकेत उगाच तोंड उघडलं. म्हणजे उगाच नाही, पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं, म्हणून लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

काउंटरवर माझ्यापुढे एक मुलगा उभा होता, असेल बावीस-तेवीसचा. कुणा परदेशी माणसाचं डिझाइनचं काम त्याने घेतलं होतं आणि त्या माणसाने डॉलरचा चेक पाठवला होता, ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तीचा. वरचे पैसे 'माझ्या एजंटला पाठवून दे' असा निरोप. चेक टाकून पाच आठवडे झाले होते, आज सकाळी रक्कम खात्यात दिसली आणि हा एजंटला पैसे पाठवायला आला. मुलाने विचारलं, "चेक नक्की क्लिअर झालाय ना?" आणि काउंटरपलीकडच्या बाईंनी स्क्रीनकडे बघत सांगितलं, "जमा झालेत की. आता काही काळजी नाही."

काही काळजी नाही! माझ्या अंगावर काटा आला. हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि विश्वास ठेवला होता.

तेव्हा माझा चेक होता 2,400 डॉलरचा. अमेरिकेतल्या एका प्रकाशन कंपनीसाठी मी चित्रं काढली होती. त्यांच्या हिशेबखात्याने चेकवर माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकवलं. माझी संपादक भली बाई. पुन्हा चेक काढायला वेळ जाईल म्हणून तिने पेनाने ते अक्षर खोडलं, वर बरोबर लिहिलं, शेजारी स्वतःची छोटी सही केली आणि पाकीट पोस्टात टाकलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण नाही का खाडाखोड केली की शेजारी सही करतो? ते खोडलेलं अक्षर लक्षात ठेवा, पुढे तेच मला नडलं.

आता या चेकचं होतं काय ते सांगते, कारण हे कुणी सांगतच नाही. आपल्याच देशातला चेक एका दिवसात वटतो, कारण देणारी बँक आणि घेणारी बँक दोन्ही एकाच क्लिअरिंगमध्ये बसलेल्या असतात. परदेशी चेकची देणारी बँक तिथे नसतेच. चेकच्या तळाशी डावीकडे तो नऊ आकडी नंबर असतो ना, तो अमेरिकेतल्या बँकेची ओळख. आपल्या क्लिअरिंगला तो नंबर म्हणजे कुणा दुसऱ्या गावचा पिनकोड. मग आपली बँक तो चेक तिकडच्या अशा बँकेकडे पाठवते जिथे तिचं स्वतःचं डॉलरचं खातं आहे. त्या खात्याला नोस्ट्रो म्हणतात आणि त्या बँकेला करस्पॉण्डंट. ती बँक तो चेक आपला म्हणून तिकडच्या क्लिअरिंगमध्ये लावते.

पाठवायचे रस्ते दोन, आणि सगळी मेख इथे आहे. पहिला रस्ता झटपट. आपली बँक आठवडाभराचे चेक एकत्र बांधून धाडते. करस्पॉण्डंट बँक नोस्ट्रोमध्ये लगेच डॉलर टाकते, पण उधारीवर, म्हणजे चेक परत आला तर काढून घेणार या बोलीवर. दुसरा रस्ता म्हणजे खरं कलेक्शन. तुमचा एकटा चेक थेट ज्या बँकेवर काढलाय तिच्याकडे जातो, ती तपासते, खातेदाराच्या खात्यातून पैसे काढते आणि मगच पाठवते. वेळ जास्त, चार्जेस जास्त, कधी सहा-आठ आठवडेही लागतात. पण हाती येतात ते आधी उचल म्हणून दिलेले नव्हे, देणाऱ्याच्या खात्यातून खरोखर निघालेले पैसे.

माझा चेक पहिल्या रस्त्याने गेला. मला कुणी विचारलं नाही, आणि दोन रस्ते आहेत हेच मला माहीत नव्हतं. शाखेने नवव्या दिवशी तो कुरिअरला दिला (तोवर ट्रेमध्ये पडून होता, हे मला नंतर कळलं). पंधराव्या दिवशी नोस्ट्रोत डॉलर आले. मग बँकेने अजून तीन आठवडे वाट पाहिली, परत येतोय का ते बघायला. छत्तिसाव्या दिवशी माझ्या खात्यात. मी आनंदाने नाचले आणि पुढच्या आठवड्यात जुनं देणं फेडून मोकळी झाले.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी खात्यातून सगळी रक्कम गायब. सोबत अर्ध्या पानाचा मेमो आणि त्यावर कारण: 'खाडाखोड'.

तीन आठवडे वाट बघितली होती ना मग? तेव्हा कुणी धड उत्तर दिलं नाही, पण पुढे मी पाठपुरावा करून समजून घेतलं. खात्यात पैसे नाहीत, खातं बंद आहे, पेमेंट थांबवलंय, असल्या साध्या कारणांसाठी चेक परत करायचा तर अमेरिकेतल्या देणाऱ्या बँकेला फार थोडा वेळ असतो. चेक हातात पडल्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसाची मध्यरात्र, बस. असे चेक चार-आठ दिवसांत उलटे फिरतात, प्रवासाचा वेळ धरला तरी दोन-तीन आठवड्यांत कळतं. बँक थांबते ती यांच्यासाठी.

पण रकमेत किंवा नावात फेरफार, मागच्या बाजूची दुसऱ्याच कुणाची सही, यांचं घड्याळ निराळं. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याला स्टेटमेंट आल्यावर 'हा चेक मी असा काढलाच नव्हता' म्हणायला तिकडच्या कायद्याने वर्षभर, कधी त्याहूनही जास्त वेळ मिळू शकतो. मग त्याची बँक मागे वळून चेक लावणाऱ्या बँकेला धरते: तुम्ही हमी दिली होती की कागद अस्सल आहे. ती आपल्या बँकेला धरते. आपली बँक कुणाला धरणार? मला.

माझ्या बाबतीत नेमकं तेच. कंपनीच्या हिशेबखात्याने महिनाअखेरीला चेकचा फोटो आपल्या नोंदीशी ताडून बघितला. नावात खोडलेलं अक्षर, शेजारी कुणाची तरी सही, आणि त्यांच्या नोंदीत त्या नावाची बाईच नाही. त्यांनी बँकेला कळवलं, फेरफार झालाय. संपादकबाईंनी केलेली दुरुस्ती त्यांना माहीतच नव्हती. म्हणजे चोर कुणीच नाही आणि पैसे मात्र माझे गेले.

आणि जाताना आले तेवढेच गेले असं नाही, ही गोष्ट अजून टोचते. जमा करताना बँक डॉलर तुमच्याकडून 'विकत घेते', खरेदीच्या दराने. परत काढताना तेच डॉलर तुम्हाला 'विकते', विक्रीच्या दराने. दोन दरांत दोन टक्क्यांची तफावत धरली तर 2,400 डॉलरवर 48 डॉलर तिथेच उडाले, दर एका पैशाने हलला नाही तरी. माझ्या वेळी तर मधल्या काळात डॉलर वर गेला होता, म्हणजे तो फटका वेगळा. वर चार्जेस तीन जणांचे: आपल्या बँकेचे, करस्पॉण्डंटचे आणि परत आल्याचे. मी आधीच खर्च केले होते, त्यामुळे खातं उणे झालं आणि त्यावर व्याज. माझीच चित्रं, माझेच पैसे, आणि बँकेची देणेकरी मी!

बरं, मान्य करते, बँक काही लुटारू नव्हती. तिच्या नोस्ट्रोतूनही पैसे गेले होते, ती ते स्वतःच्या खिशातून का भरेल. आणि मी चेक घ्यायलाच नको होता, पैसे थेट खात्यात मागवायला हवे होते, हेही खरं. नवऱ्याने हे तेव्हा मला दहा वेळा ऐकवलंय, तुम्ही कमेंटमध्ये अकराव्यांदा ऐकवू नका.

पण सांगायला काय जातं? माझ्या जमा-पावतीवर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'अंतिम वसुलीच्या अधीन राहून'. मेसेजमध्ये ते नव्हतं, पासबुकात नव्हतं, काउंटरवर तर नव्हतंच. 'जमा' हा एकच शब्द. मराठीत आपल्याकडे किती छान शब्द आहे, वटणे. चेक वटला का, असं आपले आजोबा विचारायचे. जमा झाला का, असं नाही विचारायचे. त्यांना फरक कळत होता.

हो, दुसऱ्या रस्त्याने पाठवला असता तरी ते खोडलेलं अक्षर सुटलं असतं असं मी छातीठोक म्हणत नाही. फेरफाराचा दावा तिथेही येऊ शकतो. पण तो चेक एकटा गेला असता, देणाऱ्या बँकेने बहुधा कागद नीट बघितला असता आणि खोडलेलं नाव पाहून आधीच परत पाठवला असता. पैसे आलेच नसते, म्हणजे गेलेही नसते. तेवढ्यासाठी मी आठ आठवडे आनंदाने थांबले असते.

तर आज त्या मुलाला मी बाजूला घेतलं. विचारलं, पावती आहे? होती, घडी घालून पाकिटात. बारीक अक्षरं दोघांनी मिळून वाचली, तेच वाक्य. रस्ता कुठला ते त्यालाही माहीत नव्हतं. मग काउंटरवरच्या बाईंना विचारलं, त्यांनी परकीय चलन विभागाला फोन लावला (हे मात्र केलं त्यांनी, म्हणून लिहितेय) आणि उत्तर आलं: पहिला रस्ता. उधारीचे पैसे.

मी त्याला म्हटलं, चेक खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण जो माणूस तुला ओळखत नाही तो तुला जास्तीचे पैसे का पाठवेल, आणि त्याच्या एजंटला तो स्वतः का पाठवत नाही? तू पाठवलेले पैसे त्याच दिवशी पोहोचतील आणि परत मागता येणार नाहीत. चेक मात्र अजून महिनोन्‌महिने परत येऊ शकतो. आला तर पूर्ण रक्कम तुझ्या खात्यातून जाईल, एजंटकडे गेलेली धरून.

तो गप्प झाला. ओशाळला बिचारा, मलाच वाईट वाटलं. फॉर्म अर्धा भरलेला होता, तो घडी करून खिशात घातला आणि माझा नंबर घेऊन गेला.

माझ्या पैशांचं पुढे काय झालं विचाराल, तर संपादकबाईंनी लाजून माफी मागितली आणि कंपनीने दुसऱ्यांदा थेट खात्यात पाठवले. तिसऱ्या दिवशी आले, मधल्या बँकेचे चार्जेस कापून. दर आणि व्याजातलं गेलेलं मात्र कुणी दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही, कारण मागायचं कुणाकडे हेच कळेना.

हे लिहिता लिहिता त्या मुलाचा मेसेज आला. समोरचा म्हणतोय, एजंटला आजच पाठव, उद्या उशीर होईल. मी लिहिलं, त्याला सांग, चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटो मी देणाऱ्या बँकेला पाठवून विचारतोय, उत्तर आलं की लगेच पाठवतो.

दोन निळ्या टिका दिसतायत. अजून उत्तर नाही.