राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडाली? कोणत्या कायद्यात?

ग्रॅच्युइटी आणि बोनस मागणाऱ्या नोटिशीला मालकाच्या वकिलाचं उत्तर आलं की पहिली दोन पानं न वाचता उलटा. 'आमच्या अशिलांच्या सूचनेवरून', 'मजकूर खोटा, खोडसाळ व सपशेल नाकबूल', नोकरी केल्याची तारीखसुद्धा नाकबूल! खरी मेख पुढे असते: 'तुमच्या अशिलाने नोटीस पिरियड पूर्ण न करता राजीनामा दिल्याने ग्रॅच्युइटी जप्त करण्यात आली आहे.'

अहो वकीलसाहेब, राजीनामा नोव्हेंबर 2025 च्या आधीचा, तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम 4(6) उघडा की जरा. जप्तीसाठी आधी कामगाराला कामावरून काढलेलं असावं लागतं, तेही नुकसान, दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणासाठी. नुकसानीपोटी कापायचं तर नुकसानीएवढंच. राजीनामा म्हणजे काढून टाकणं नव्हे. नोटीस पे हवा असेल तर तो स्वतंत्रपणे मागा. ग्रॅच्युइटीवर परस्पर डल्ला कसला मारता?

2024 मध्ये राजीनामा दिलेल्या एखाद्या माणसाचा हिशोब घ्या. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,600, नोकरी सात वर्षं आठ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आठ वर्षं. 15,600 भागिले 26 म्हणजे 600 रुपये रोज, गुणिले 15 दिवस, गुणिले 8. झाले 72,000. पाचवीच्या पोराला जमेल असं गणित, आणि उत्तरात त्यावर एक ओळ नाही. 'मागणी अवाजवी आहे', संपलं.

बोनसचं तर आणखी संतापजनक. 'बोनस हा मालकाच्या मर्जीचा विषय आहे' म्हणे! पगार 21,000 च्या आत, वर्षात 30 दिवस काम झालेलं, आस्थापनेला नोव्हेंबर 2025 पर्यंत अमलात असलेला 1965 चा बोनस कायदा लागू, की नफा असो वा तोटा, 8.33 टक्के द्यावेच लागत. हिशोब महिना 7,000 किंवा किमान वेतन, यांत जे जास्त असेल त्यावर. 7,000 धरले तरी पूर्ण वर्षाचे 6,997 होतात. बोनस बुडायचा तो फसवणूक, हिंसक वर्तन किंवा चोरीसारख्या कारणांसाठी बडतर्फ झाल्यावर. राजीनाम्याने नाही.

आणि असल्या उत्तराला प्रत्युत्तर लिहीत बसू नका. त्यांना तेच हवं असतं, महिने निघून जातात. ग्रॅच्युइटीसाठी नमुना आय मध्ये अर्ज मालकाकडे रजिस्टर्ड पोस्टाने गेला नसेल तर आधी तो पाठवा, पोचपावती जपा. 1972 च्या कायद्याखालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे मालकाने पंधरा दिवसांत रक्कम मान्य करायची किंवा नमुना एम मध्ये कारणासह नाकारायची असते. वकिलाचं चार पानी पत्र म्हणजे नमुना एम नव्हे. तरीही पैसे नाहीत, तर ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, म्हणजे नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, नमुना एन मध्ये अर्ज. मुदत 90 दिवसांची, उशीर झाला तर सबळ कारण द्या. तीस दिवसांनंतरचं व्याज मागायला विसरू नका.

आणि शेवटच्या परिच्छेदातला 'या उत्तराचा खर्च रुपये 15,000 तुमच्या अशिलाने द्यावा' हा भाग? तो प्रत्येक उत्तरात असतो. देऊ नका.