बाणांची दिशा आकडे सांगत नाहीत: संशोधन प्रस्तावातील दोन चौकटींविषयी

«सैद्धांतिक चौकट आणि संकल्पनात्मक चौकट एकच. प्रस्तावात एका सिद्धांताचे नाव लिहा, म्हणजे झाले. आकृती विश्लेषण झाल्यावर निकालाप्रमाणे काढा. गुणात्मक संशोधनाला तर चौकट लागतच नाही.»

हा संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तो प्रमाण मानून तिने आपल्या प्रस्तावातली चौकोन आणि बाणांची आकृती काढून टाकली. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी परिचारिका हात स्वच्छ करतात की नाही आणि ते कशावर ठरते, हा तिचा विषय आहे. त्याच विषयाच्या आधारे उत्तर देतो.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागेल. अनेक लेखक हे दोन शब्द अदलून-बदलून वापरतात आणि एखादा सिद्धांत जसाच्या तसा तपासायचा असेल तर दोन्ही चौकटी जवळपास एकमेकींवर बसतात. पण बहुतेक प्रस्ताव तसे नसतात. भाचीचा आधार आहे आइसेक आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत, ज्याची सविस्तर मांडणी त्यांच्या 1991 च्या लेखात आहे. अभिवृत्ती म्हणजे त्या वर्तनाविषयीचे अनुकूल किंवा प्रतिकूल मत, सामाजिक अपेक्षांची जाणीव आणि नियंत्रणाची जाणीव या तिघांतून वर्तनाचा हेतू घडतो, हेतूतून वर्तन घडते आणि नियंत्रणाची जाणीव वर्तनाशी थेटही जोडलेली असते, असे तो सांगतो. ही झाली सैद्धांतिक चौकट. ती कोणत्याही वर्तनाला लागू होते. एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत आणि हात स्वच्छ करण्याचा द्रव खाटेजवळ आहे की नाही, या गोष्टींना त्या सिद्धांतात स्वतंत्र स्थान नाही. त्या पूर्वीच्या अभ्यासांतून आणि प्रत्यक्ष कामाच्या माहितीतून येतात. त्यांना सिद्धांतातल्या चलांशी, म्हणजे मोजायच्या घटकांशी, जोडून याच अभ्यासापुरता जो नकाशा तयार होतो, ती संकल्पनात्मक चौकट.

खरे नुकसान तिसऱ्या विधानाने होते. आकृती नसेल तर विद्यार्थी सगळी चले एकाच प्रतिगमन समीकरणात, म्हणजे वर्तनावर कशाचा किती परिणाम होतो हे काढणाऱ्या समीकरणात, टाकतो, आणि हेतूही अभिवृत्तीच्या शेजारी आणखी एक स्वतंत्र चल म्हणून बसतो. समजा, प्रमाणित गुणांकांत अभिवृत्तीचा वर्तनावरील एकूण परिणाम 0.22 आहे. अभिवृत्तीपासून हेतूपर्यंतचा गुणांक 0.50 आणि हेतूपासून वर्तनापर्यंतचा 0.40 असेल, तर हेतूमार्गे जाणारा परिणाम 0.20 होतो आणि थेट परिणाम फक्त 0.02 उरतो. एकाच समीकरणात विद्यार्थ्याला तो 0.02 तेवढा दिसतो आणि तो निष्कर्ष लिहितो की अभिवृत्तीचा वर्तनाशी काही संबंध नाही. गणित बरोबर असूनही निष्कर्ष साफ चुकीचा ठरतो, कारण अभिवृत्ती आणि वर्तन यांच्या मधल्या दुव्याला, म्हणजे मध्यस्थ चलाला, त्याने स्वतंत्र चलाच्या जागी बसवले. आकृती आधी असती तर दोन समीकरणे लागतात हे तिनेच सांगितले असते: पहिल्यात हेतू हे आश्रित चल आणि दुसऱ्यात वर्तन.

निकाल पाहून आकृती काढली तरी ही चूक सुटत नाही. अभिवृत्ती, हेतू आणि वर्तन एकाच वेळी मोजले असतील, तर ही साखळी उलट्या क्रमाने मांडली तरी सहसंबंध तितकेच चांगले जुळतात. बाणांची दिशा आकड्यांतून निघत नाही, ती सिद्धांतातून आणि मोजणीच्या क्रमातून येते. म्हणून हेतू आधी प्रश्नावलीने मोजायचा आणि वर्तन काही आठवड्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाने, हे प्रस्तावातच ठरवावे लागते. माहिती गोळा झाल्यावर हा क्रम बदलता येत नाही.

रुग्णसंख्येचेही तसेच. हेतू पक्का असूनही कामाच्या ओझ्यामुळे तो कृतीत उतरत नाही, असे भाचीचे म्हणणे असेल, तर रुग्णसंख्या हे नियामक चल आहे. तिचा बाण वर्तनाच्या चौकोनाकडे जात नाही, हेतू ते वर्तन या बाणावर येऊन टेकतो. विश्लेषणात त्यासाठी हेतू आणि रुग्णसंख्या यांच्या गुणाकाराचे पद घालावे लागते आणि असा परस्परपरिणाम पकडायला नमुना सहसा बराच मोठा लागतो. नमुन्याचा आकार प्रस्तावात मंजूर होतो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेले दिसत नाही.

सिद्धांताचे नुसते नाव पुरते, या विधानावर फार वेळ घालवत नाही. आयझेन यांच्या मांडणीप्रमाणे हेतू आणि वर्तन यांची मापे एकाच कृतीची आणि एकाच प्रसंगाची हवीत. «स्वच्छता महत्त्वाची वाटते का?» असा प्रश्न विचारून रुग्णस्पर्शापूर्वीचे हात धुणे मोजले, तर सिद्धांत कागदावर राहतो आणि प्रश्नावली भलतेच मोजते.

गुणात्मक संशोधनाबद्दल एवढेच की मुळातून सिद्धांत उभारणाऱ्या पद्धतीत तयार सिद्धांत आधी लादत नाहीत, हे खरे आहे. परंतु तिथेही कोणाला भेटायचे आणि सुरुवातीला काय विचारायचे हे काही संकल्पना मनात धरूनच ठरते, आणि त्या संकल्पना प्रस्तावात लिहाव्या लागतात.