पहिल्या भेटीचा साक्षीदार

मित्राच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शुभेच्छा लिहिणे हे वरकरणी दोन ओळींचे काम आहे; परंतु त्याच्या मुलीने, "काका, आईबाबा पहिल्यांदा कसे भेटले ते लिहून द्या, कार्यक्रमात वाचायचं आहे," असे सांगितले आणि मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे झाले.

कारण या जोडप्याच्या पहिल्या भेटी दोन आहेत. अधिकृत भेट २००० साली नागपुरात धरमपेठेत, मुलीच्या घरी झाली. स्थळ मित्राच्या मावशींनी आणले होते आणि सोबत म्हणून मलाही नेले होते. एकाच कॉलेजात शिकूनही दोघांनी "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो" एवढेच मान्य केले. मुलीचा फोटो मावशींच्या हाती योगायोगाने पडला, अशी घरात समजूत आहे. तो योगायोग लुनावर बसून महाल भागात मावशींकडे गेला होता आणि लुना माझी होती.

खरी भेट १९९७ सालची, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. ऑक्झॅलिक आम्लात सौम्य गंधकाम्ल घालून ते गरम करायचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे, असा तो प्रयोग. सुरुवातीच्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो; थोडे मँगनीज तयार झाले, की तेच पुढची क्रिया वेगाने घडवते आणि मग रंग भराभर उडतो. फिकट गुलाबी छटा टिकली, की थांबायचे. हे सारे पाहण्यासाठी नजर फ्लास्कवर असावी लागते. मित्राची शेजारच्या टेबलावर होती, त्यामुळे त्याचे द्रावण प्रत्येक वेळी गर्द जांभळे होई.

अखेर त्याने शेजारच्या वहीतले १२.४ मिलिलिटर हे आकडे तिन्ही वेळा जसेच्या तसे उतरवले. सरांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या तीव्रतेचे आम्ल दिले होते, ही व्यवस्था अशाच विद्यार्थ्यांसाठी असते, हे त्याला ठाऊक नव्हते. सरांनी दोघांनाही उभे केले. बाहेर आल्यावर ती त्याला जे म्हणाली, ते या संसाराचे पहिले वाक्य होय: "काहून रे, नक्कलच करून राहिला होता, तर निदान एक थेंब तरी इकडेतिकडे करायचा!"

हे सारे लिहावे, तर कार्यक्रमात पहिल्या रांगेत मावशी बसणार. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे; स्वतः जुळवलेल्या लग्नांत हे सर्वांत यशस्वी, असे त्या आल्यागेल्याला सांगतात. न लिहावे, तर मित्र रुसणार, कारण त्याला ती चोरी शौर्यकथा वाटते. वहिनींनी मात्र फोनवर बजावले, "लिहायचं ते लिहा, पण ते १२.४ चं वाचन माझं होतं, हे स्पष्ट लिहा."

शेवटी मी लिहिले: "या दोघांच्या पहिल्या भेटीला मी हजर होतो. तिने त्याच्याकडे असे काही पाहिले, की तो गप्पच झाला आणि आजवर गप्पच आहे." सभागृहात टाळ्या झाल्या. मावशी मात्र मागे वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा होता ना, दोनदा पोहे मागून खाल्ले होते यानं. आणि फोटो आणून दिला तेव्हाही खाल्ले होते!"